टूर कॅन्सल, क्लेम रिजेक्ट: तीन पानी मेल पाठवू का?

*दादा, आम्ही ऐरोलीला राहतो. १४ मेच्या रात्रीच्या फ्लाइटने मी आणि मिस्टर ग्रुप टूरबरोबर युरोपला जाणार होतो. १२ तारखेला सकाळी सासूबाई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ठाण्याला हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं आणि १३ला ऑपरेशन झालं. १२लाच संध्याकाळी टूर कंपनीला कॅन्सलेशनचा मेल टाकला होता. दोघांचे ४,६०,००० भरले होते, त्यातले १,१५,००० परत आले. टूरबरोबर घेतलेल्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये क्लेम टाकला तर रिजेक्ट. कारणं तीन: पेशंट इन्शुअर्ड नाही, कॅन्सलेशन तुमच्या मर्जीने केलंय, आणि पेशंटला आधीपासून आजार होते. मिस्टर म्हणतात सोड, कंपन्यांशी कोण भांडणार. मी मात्र रागाने तीन पानी मेल लिहून ठेवलाय, त्यात सगळं लिहिलंय, आमची काय अवस्था झाली होती ते. पाठवू का?*
— ऐरोलीची एक वाचक

नका पाठवू. म्हणजे अपील करा, नक्की करा, पण तो मेल नको.

मी काही वर्षं क्लेम्सच्या टेबलापलीकडे बसलोय त्यामुळे तुमचा मेल न वाचताही सांगू शकतो त्यात काय असेल, सासूबाई किती विव्हळत होत्या, मिस्टर रात्रभर हॉस्पिटलच्या बाकड्यावर कसे बसले, कुठला मुलगा अशा वेळी आईला टाकून पॅरिसला जाईल. सगळं खरं आहे. पण यातलं एकही वाक्य कंपनी नाकारतच नाहीये. रिजेक्शन परत वाचा, त्यात कुठेही "तुमच्या सासूबाई पडल्याच नाहीत" असं म्हटलेलं नाही. कंपनीचं म्हणणं एवढंच आहे की जे झालं ते आमच्या यादीत बसत नाही. म्हणजे वाद प्रसंगाबद्दल नाहीये, कलमाबद्दल आहे, आणि तीन पानं प्रसंगावर खर्च झाली तर अपील वाचणारा माणूस शेवटपर्यंत पोचेल तेव्हा त्याच्या हातात क्लेम पास करायला एक ओळही नसेल. त्याला वाईट वाटलं तरी तो वाईट वाटलं म्हणून पैसे देऊ शकत नाही, त्याला फाइलवर "अमुक कलमाखाली देय" असं लिहावं लागतं. ते वाक्य त्याला तुम्ही द्यायचंय.

दुसरं, तुम्ही आणि मिस्टर दोघंही एक गोष्ट धरून चाललाय की कंपनी "कव्हर नाही" म्हणाली म्हणजे कव्हर नाही, आता फक्त भांडायचं किंवा सोडायचं. तसं नसतं हो. पहिल्या फेरीत क्लेम बघणाऱ्याकडे ढिगाने फाइली असतात, क्लेम फॉर्म, टूर कंपनीचा मेल आणि डिस्चार्ज समरी एवढं चाळून तो कारणांच्या ठरलेल्या साच्यातलं एक निवडतो. तुमच्या पत्रातली तीन कारणं मला त्याच जातीची वाटतायत. साचा चुकीचा लागला असेल तर तो दाखवता येतो, बरोबर लागला असेल तर नाही, आणि हे दोन्हीपैकी काय आहे ते पॉलिसी वाचल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही.

तर आधी पॉलिसी. आणि इथे बहुतेक जण अडतात कारण टूर कंपनीने तुम्हाला जे दिलं असेल ते एक-दोन पानांचं सर्टिफिकेट असतं, त्यावर नाव, तारखा, "ट्रिप कॅन्सलेशन" समोर एक डॉलरचा आकडा, बस. नियम त्यात नसतात. नियम असतात पॉलिसी वर्डिंगमध्ये, ते बरंच जाडजूड पीडीएफ असतं. टूरबरोबर घेतलेली पॉलिसी बऱ्याचदा ग्रुप पॉलिसी असते, म्हणजे मास्टर पॉलिसी टूर कंपनीच्या नावाने आणि तुम्ही तिच्यातले दोन प्रवासी, त्यामुळे वर्डिंग तुमच्यापर्यंत आलेलंच नसतं. सर्टिफिकेटवर यूआयएन म्हणून एक लांबलचक नंबर असतो, त्याच नंबरचं वर्डिंग कंपनीकडून मेलवर मागून घ्या. नंबर जुळवून घ्या कारण एकाच कंपनीच्या तीन-चार ट्रॅव्हल पॉलिसी असतात आणि गूगलवरून भलतीच उतरवून त्यावर अपील लिहिणारे लोक मी बघितलेत. त्याच मेलमध्ये हेही विचारा की तीन कारणांपैकी प्रत्येक कारण वर्डिंगच्या कुठल्या कलमाखाली दिलंय. नाकारायचं तर पॉलिसीतल्या अटीचा संदर्भ देऊन लेखी कारण देणं कंपनीला भाग असतं, तुम्ही उपकार मागत नाही आहात.

वर्डिंग आलं की तीन ठिकाणं वाचायची, बाकीचं सोडा: सुरुवातीच्या व्याख्या, ट्रिप कॅन्सलेशनचं कलम, आणि एक्सक्लूजन्स म्हणजे कव्हरमधून वगळलेल्या गोष्टी, तेही दोन जागी असतात, कॅन्सलेशनच्या कलमाखालची वेगळी आणि सगळ्या पॉलिसीला लागू होणारी वेगळी.

आता मुख्य मुद्दा. ट्रॅव्हल पॉलिसीतलं कॅन्सलेशन कव्हर यादीवर चालतं. यादीत कारण असेल तरच पैसे, "अडचणच तशी होती" हे कारण यादीत नसतं. तुमचं कारण यादीत बसतं हे दाखवायची जबाबदारी तुमची. पण एकदा ते बसलं, आणि मग कंपनी म्हणाली की हो, पण अमुक एक्सक्लूजन लागतं, तर ते लागतं हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. सुप्रीम कोर्टाने हे बऱ्याच निकालांत सांगितलंय. तुमची तीन कारणं या चाळणीतून घातली तर पहिली दोन यादीबद्दलची आहेत, तिथे तुम्ही पुरावा द्यायचा, आणि तिसरं, आधीच्या आजाराचं, एक्सक्लूजनबद्दलचं, तिथे कंपनीने द्यायचा. सगळं अपील या एका फरकावर उभं करा.

पहिलं कारण बघू, "पेशंट इन्शुअर्ड नाही". कॅन्सलेशनचं कलम साधारण असं असतं की इन्शुअर्ड व्यक्ती, तिच्या जवळच्या कुटुंबातली व्यक्ती किंवा सहप्रवासी यांचा मृत्यू, गंभीर दुखापत किंवा हॉस्पिटलमध्ये भरती यामुळे प्रवास टाळता न येण्यासारखा रद्द करावा लागला तर भरपाई. तुमच्या वर्डिंगमध्ये "इमिजिएट फॅमिली मेंबर" हे शब्द असतील तर पेशंट इन्शुअर्ड असण्याची गरजच उरत नाही, कंपनीचं पहिलं कारण तिथेच गळतं. आणि हे शब्द नसतील, फक्त "इन्शुअर्ड व्यक्ती" एवढंच असेल, तर खरं सांगतो, तुमचं अपील जवळजवळ संपलं. काही स्वस्त प्लॅन तसे असतात. म्हणून वर्डिंग आधी.

शब्द आहेत असं धरून पुढे जाऊ. मग व्याख्येत जायचं, इमिजिएट फॅमिलीत कोण कोण आहे. नवरा-बायको, मुलं, आईवडील हे बहुतेक ठिकाणी असतात. सासू-सासरे काही व्याख्यांत असतात, काहींत नसतात. आणि इथे तुमच्या केसमध्ये एक गोष्ट आहे जी बहुधा तुमच्या लक्षात आली नाहीये, तुम्ही "आमचा क्लेम" म्हणता पण पॉलिसीच्या नजरेत हे दोन माणसांचे दोन क्लेम आहेत. मिस्टरांसाठी त्या आई आहेत, तुमच्यासाठी सासू. मिस्टरांचा क्लेम आईवडील या शब्दावर सरळ उभा राहतो. तुमचा उभा राहायला व्याख्येत सासू-सासरे हवेत. क्लेम फॉर्मवर अर्जदार म्हणून तुमचं नाव असेल आणि पेशंटशी नातं या रकान्यात "सासू" लिहिलं असेल तर वाचणाऱ्याने तुमच्या नात्यावरून दोघांचाही निकाल लावला असण्याची दाट शक्यता आहे. अपील दोघांचं वेगवेगळं मांडा, मिस्टरांचं आधी. नात्याचा पुरावा म्हणून त्यांच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं असेल, त्याची कॉपी आणि सासूबाईंचं आधार पुरे होतं.

तुमच्या व्याख्येत सासू-सासरे नसतील तर तुमच्या हिश्श्यासाठी एकच दार उरतं, सहप्रवाशाचं. काही वर्डिंगमध्ये सहप्रवाशाचा प्रवास कव्हर्ड कारणाने रद्द झाला तर बरोबरच्याचंही रद्द होणं धरतात, काहींत सहप्रवासी स्वतःच आजारी किंवा जखमी हवा. पहिल्या प्रकारचं असेल तर मागा, दुसऱ्या प्रकारचं असेल तर ओढूनताणून मागू नका, त्यामुळे मिस्टरांचा चांगला क्लेमही संशयास्पद दिसायला लागतो.

दुसरं कारण, "मर्जीने कॅन्सल". इथे मला एक विचारायचंय, १२ तारखेच्या संध्याकाळी टूर कंपनीला जो मेल टाकला त्यात नेमकं काय लिहिलं होतं? कारण दहातले आठ लोक लिहितात "ड्यू टू पर्सनल रीझन्स". घरातलं दुखणं कशाला चारचौघांना सांगायचं म्हणून लिहितात, आणि तो मेल टूर कंपनीच्या कागदांबरोबर क्लेमच्या फाइलमध्ये जातो आणि इन्शुरन्सवाल्याला तेवढंच वाक्य पुरतं. तुमचाही तसा असेल तर घाबरू नका आणि तो मेल लपवूही नका, कंपनीकडे तो आहेच. अपीलमध्ये स्वतःहून एक ओळ लिहा की हा मेल १२ मेला संध्याकाळी इतक्या वाजता पाठवला, त्याच दिवशी सकाळी इतक्या वाजता आईंना भरती केलं होतं, भरतीचा कागद जोडलाय. एकाखाली एक दोन वेळा दिसल्या की "पर्सनल रीझन्स" म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही.

"टाळता न येण्यासारखं" हा शब्द मात्र जरा नीट घ्या. कंपनी म्हणू शकते की ऑपरेशन १३ला झालं, फ्लाइट १४ला रात्री, मग का नाही गेलात. याचं उत्तर भावनेत नाही, डिस्चार्जच्या तारखेत आहे. विमान सुटलं तेव्हा पेशंट हॉस्पिटलमध्येच भरती होत्या का? होत्या असतील तर डिस्चार्ज समरीवरची तारीख हेच उत्तर. त्याच्या जोडीला एक कागद असा आहे जो कोणी लावत नाही आणि जो माझ्या मते सगळ्यात वजनदार आहे, ऑपरेशनचं संमतीपत्र. त्यावर सही कोणाची आहे? मिस्टरांची असेल, तर विमानाच्या आदल्या दिवशी पेशंटची जबाबदारी लेखी कोणी घेतली होती हे दाखवणारा हॉस्पिटलचा स्वतःचा कागद तुमच्याकडे आहे. तो डिस्चार्ज फाइलमध्ये नसतो, मेडिकल रेकॉर्ड्समधून अर्ज करून कॉपी काढावी लागते, थोडी फी घेतात. काढा.

सर्जनकडून एक सर्टिफिकेटही घ्या पण त्यांना काय लिहायचं ते मुद्देसूद सांगा नाहीतर ते "नातेवाईकांची उपस्थिती आवश्यक होती" अशी एक गुळमुळीत ओळ लिहून देतील. तुम्हाला हवंय ते हे: कधी आणि कशी दुखापत झाली, निदान काय, ऑपरेशन कधी, कधीपर्यंत भरती, डिस्चार्जनंतर किती काळ पायावर भार द्यायचा नाही किंवा आधाराशिवाय चालायचं नाही आणि त्या काळात जवळ माणूस लागणार होतं का. सगळं त्यांच्या नोट्समध्ये आहेच, फक्त एका पानावर यायला हवं.

आता तिसरं, आधीचा आजार. हे कुठून आलं ते मी सांगतो. डिस्चार्ज समरीच्या वरच्या भागात "के/सी/ओ" लिहून पुढे बीपी, शुगर, कदाचित हाडं ठिसूळ असल्याचंही लिहिलेलं असेल. के/सी/ओ म्हणजे पेशंटला हे आधीपासून आहे, भूल देणाऱ्या डॉक्टरला माहीत हवं म्हणून प्रत्येक वयस्कर पेशंटच्या कागदावर ते असतं. क्लेम बघणाऱ्याने तिथे खूण केली आणि एक्सक्लूजन लावलं.

यावर दोन प्रश्न विचारायचे, याच क्रमाने. पहिला, एक्सक्लूजनमध्ये कोणाचा आधीचा आजार वगळलाय? बऱ्याच वर्डिंगमध्ये शब्द "इन्शुअर्ड व्यक्तीचा" असे असतात. सासूबाई इन्शुअर्ड नाहीत, हे तर कंपनीच पहिल्या कारणात सांगतेय! मग इन्शुअर्ड व्यक्तीसाठीचं एक्सक्लूजन त्यांना कसं लागेल? दोन्ही कारणं एकाच पत्रात एकमेकांच्या पायात पाय घालतायत, आणि हे अपीलमध्ये शांतपणे एका वाक्यात दाखवता येतं. टोमणा न मारता. मला कळतं मोह होईल.

काही पॉलिसी मात्र कुटुंबातल्या व्यक्तीचाही आधीचा आजार वगळतात. तसं असेल तर दुसरा प्रश्न, हॉस्पिटलमध्ये जाण्याचं कारण तो आजार होता का? बीपी असणं आणि बीपीमुळे भरती होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओल्या फरशीवर पाय घसरला, पडल्या, हाड मोडलं, ही दुखापत आहे, आजार नाही. आजारामुळे पडल्या हे दाखवायचं काम कंपनीचं, आणि नुसता के/सी/ओ हा त्याचा पुरावा नाही. कॅज्युअल्टीमध्ये पहिल्यांदा नेलं तेव्हाच्या नोटमध्ये "घसरून पडल्याचा इतिहास" असं काहीतरी लिहिलेलं असतं, ती नोट डिस्चार्ज समरीपेक्षा जास्त कामाची कारण ती क्लेमचा विचारही नव्हता तेव्हा लिहिलीय.

पण ती नोट आधी स्वतः वाचा. तिच्यात "चक्कर येऊन पडल्या" असं असेल, किंवा हाड आधीच्या विकाराने आपोआप मोडलं अशा अर्थाचं काही असेल, तर कंपनीच्या म्हणण्यात दम आहे आणि तुमचं अपील पहिल्या प्रश्नावर, म्हणजे कोणाचा आजार वगळलाय यावरच उभं राहील. अशा वेळी ओळखीच्या डॉक्टरकडून वाक्य बदलून घ्यायचा विचारही करू नका. कंपनी हॉस्पिटलमध्ये माणूस पाठवून मूळ पेपर बघते, दोन कागदांत फरक सापडला की मग बोलणं कव्हरबद्दल राहत नाही, फसवणुकीबद्दल होतं, आणि तिथे क्लेम पूर्ण जातो.

मागायचे किती हेही बघून घेऊ कारण तुम्ही अपीलमध्ये ३,४५,००० लिहिणार असाल असा माझा अंदाज आहे. ४,६०,००० भरले, १,१५,००० आले, नुकसान ३,४५,०००, बरोबर, म्हणजे माणशी १,७२,५००. पण कंपनी नुकसान देत नाही, नुकसान किंवा लिमिट यातलं जे कमी ते देते. सर्टिफिकेटवर ट्रिप कॅन्सलेशनसमोर समजा माणशी १,००० डॉलर आहेत आणि डॉलर ८५ रुपये धरला तर माणशी ८५,०००, दोघांचे १,७०,०००, त्यातून डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्हीच सोसायची ठरलेली रक्कम, असेल तर तो वजा. फक्त मिस्टरांचा क्लेम बसला तर हातात ८५,०००च्या आतबाहेर. म्हणजे पूर्ण जिंकलात तरी निम्मं नुकसान तुमचंच राहणार, हे आत्ताच माहीत असलेलं बरं, नंतर "अर्धेच दिले" म्हणून परत भांडण नको. टूर कंपनीकडून परताव्याचा हिशोब लेखी घ्या, कॅन्सल केल्याची तारीख आणि त्या तारखेला लागलेला कॅन्सलेशन स्लॅब त्यात हवा. विमानाच्या तिकिटातले सरकारी टॅक्स आणि एअरपोर्टचे चार्जेस नॉन-रिफंडेबल तिकिटावरही परत मिळायला हवेत, ते टूर कंपनीने दिले का ते विचारा, कारण जे दुसरीकडून मिळू शकतं ते इन्शुरन्सवाले कापतात. तुम्ही त्याच दिवशी कॅन्सल केलंत हे चांगलं केलंत, बघू बघू करत १४ तारखेपर्यंत थांबला असतात तर वाढलेला कॅन्सलेशन चार्ज कंपनीने तुमच्याच माथी मारला असता.

आता तो मेल. एक पान. इंग्रजीत लिहा, तिथल्या माणसाला पुढे फॉरवर्ड करायला सोपं. कंपनीच्या ग्रीव्हन्स रिड्रेसल ऑफिसरच्या नावे, त्यांचा पत्ता पॉलिसीतच शेवटी असतो, कस्टमर केअरला पाठवलेला मेल अपील म्हणून धरला जाईलच असं नाही. वर पॉलिसी नंबर, क्लेम नंबर, रिजेक्शनची तारीख. मग साधारण या धाटणीने:

"कारण १. कलम अमुकमध्ये इन्शुअर्ड व्यक्तीच्या इमिजिएट फॅमिली मेंबरची हॉस्पिटलमधली भरती कव्हर आहे. व्याख्या क्रमांक अमुकप्रमाणे आई त्यात येते. पेशंट या पहिल्या प्रवाशाच्या आई आहेत, पुरावा अ. कारण २. भरती १२ मे सकाळी, कॅन्सलेशन १२ मे संध्याकाळी, ऑपरेशन १३ मे, प्रवास १४ मे, त्या वेळी पेशंट भरती होत्या, पुरावा ब, क, ड. कारण ३. एक्सक्लूजन अमुक इन्शुअर्ड व्यक्तीच्या आजाराबद्दल आहे, पेशंट इन्शुअर्ड नाहीत असं आपल्याच पत्रात म्हटलंय. तसंही भरती घसरून पडल्याच्या दुखापतीमुळे झाली, पुरावा इ. मागणी: पहिल्या प्रवाशासाठी इतके, दुसऱ्यासाठी इतके."

बस, एवढंच. त्याच्या खाली राग, कोर्टाची धमकी, ट्विटरवर टाकेन वगैरे काही नको. कलमातले शब्द खरंच दोन प्रकारे वाचता येत असतील तर एक वाक्य वाढवा की संदिग्ध शब्दाचा अर्थ पॉलिसी लिहिणाऱ्याच्या विरुद्ध घ्यायचा असतो. हा नियम कोर्टात चालतो, पण शब्द खरोखर संदिग्ध असतील तरच. स्पष्ट लिहिलेल्या अटीवर तो चालवायला गेलात तर उलट समोरचा समजतो की यांच्याकडे दुसरं काही नाही.

तक्रार कंपनीने १४ दिवसांत निकालात काढायची असते. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इरडाचं bimabharosa.irdai.gov.in हे पोर्टल आहे, तिथेही टाका, पण एक समजून घ्या, इरडा तिथे तुमचा क्लेम पास-नापास करत नाही, तक्रार कंपनीकडेच जाते आणि उत्तर आलं की नाही यावर नजर राहते. त्याचा खरा उपयोग म्हणजे टोकन नंबर आणि तारीख मिळते.

परत नाही म्हणाले किंवा महिनाभर काहीच बोलले नाहीत तर विमा लोकपाल, ज्याला सगळे ओम्बड्समनच म्हणतात. फी नाही, वकील चालत नाही म्हणजे कंपनीलाही तिथे वकील उभा करता येत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात, आणि कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. पूर्वी नवी मुंबईकरांना यासाठी सांताक्रूझ गाठावं लागायचं, आता ठाण्यालाच ऑफिस आहे, वसंतराव नाईक महामार्गावर जीवन चिंतामणी बिल्डिंगमध्ये, ऐरोली त्याच्याच हद्दीत येते. तक्रार cioins.co.in वरून ऑनलाइनही करता येते. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही, म्हणजे पटला नाही तर ग्राहक आयोगात जायची वाट मोकळी राहते. उलटं चालत नाही, आयोगात केस चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही, म्हणून क्रम हाच ठेवा. ग्राहक आयोगाला मुदत दोन वर्षांची, तीही डोक्यात ठेवा.

आणि ते रिजेक्शनचं पत्र जपून ठेवा, चिडून डिलीट करणारेही असतात. कंपनीला नंतर नवीन कारण काढता येत नाही, पत्रात जी कारणं दिली त्यांच्यापलीकडे जाता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय. म्हणजे तुमची लढाई या तीन कारणांपुरतीच आहे. उद्या कंपनी म्हणाली की तुम्ही उशिरा कळवलंत, तर पत्र पुढे करायचं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडंसं, कारण पावसाळ्यात अशीच पत्रं येतात फक्त कारण वेगळं असतं: ठाण्याहून निघालो, पाणी भरलं, फ्लाइट चुकली. तिथेही हेच करायचं, यादी उघडायची आणि व्याख्या वाचायची. मिस्ड फ्लाइटचं कव्हर असेलच असं नाही, असलं तरी "सार्वजनिक वाहतूक बंद पडल्यामुळे" असे शब्द असतात आणि मग सगळा प्रश्न तुम्ही कशाने निघाला होतात यावर येतो. लोकल बंद पडली तर क्लेम उभा राहू शकतो, स्वतःच्या गाडीने ट्रॅफिकमध्ये अडकलात तर बहुतेक नाही, ॲपवरच्या कॅबचं काय ते त्या पॉलिसीच्या व्याख्येवर. रजा मिळाली नाही, मुलाची परीक्षा पुढे ढकलली, ही कारणं साध्या पॉलिसीच्या यादीत सहसा नसतात, त्यावर अपील लिहिण्यात महिना घालवू नका. तो वेळ टूर कंपनीकडून पुढच्या तारखेचं क्रेडिट मिळतंय का ते विचारण्यात गेलेला बरा.

मिस्टरांचं म्हणाल, तर त्यांना "भांडायला चल" म्हणू नका, त्यांचा हात आखडणारच. दोनच कामं सांगा: हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्समध्ये जाऊन संमतीपत्र आणि कॅज्युअल्टीच्या नोटची कॉपी काढायची, पेशंटचा मुलगा म्हणून ते अर्ज पटकन मंजूर होतील, सासूबाईंची सही घेऊन जा म्हणावं. आणि अपीलवर त्यांच्या क्लेमपुरती त्यांची स्वतःची सही. दोघांचं मिळून एक पत्र चालेल पण सह्या दोन हव्यात, आणि ओरिजिनल कागद कोणालाही देऊ नका, स्कॅन पाठवा, मूळ बघायचे असतील तर त्यांना घरी येऊन बघू दे.